डायपर रॅश तीन दिवसांत ओसरला नाही तर जांघेची घडी उघडून बघा

पावसाळा लागला की कोपरखैरण्याच्या आमच्या मेडिकलमध्ये एक वाक्य रोज ऐकू येतं, "ताई, बाळाला खाली लाल झालंय, एखादी ट्यूब द्या." ही 'एखादी' ट्यूब नेमकी कोणती, यावरच पुढचं सगळं ठरतं. काउंटरच्या मागे तीन जातींच्या ट्यूब असतात. पहिली कातडीवर नुसता थर धरते. झिंक ऑक्साइडची क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली. दुसरी बुरशी मारते. तिसरीत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र घोटलेलं असतं. बाळाच्या रॅशसाठी लागते बहुतेकदा पहिली, कधी कधी दुसरी. आणि लोक नाव घेऊन मागतात ती तिसरी, कारण शेजारच्यांच्या बाळाला तिने म्हणे एका रात्रीत उतार पडला होता.

कोणत्या वेळी कोणती, हे कळायला आधी रॅश होतो कसा ते बघावं लागेल. घरोघरी दोष शूला दिला जातो. नुसत्या शूने कातडी लाल व्हायला वेळ लागतो. खरा त्रास शी आणि शू एकत्र आल्यावर सुरू होतो. सतत ओल राहिली की कातडी फुगते, भांडी घासताना बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी, आणि अशी फुगलेली कातडी डायपरच्या कडेला नुसती घासली तरी सोलवटते. त्यात शीमधले जंतू शूमधल्या युरियाचं अमोनिया करतात. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, ते आम्लपण अमोनियाने निघून जातं. शीमध्ये पोटातून आलेली पाचक द्रव्यं असतात, चरबी आणि प्रथिनं पचवणारी. आम्लपण गेलं की ती जोरात काम करू लागतात, आणि अन्न संपलेलं असल्यामुळे बाळाची कातडीच पचवायला घेतात.

म्हणूनच महिनाभर ओल्या लंगोटांनी जे होत नाही ते दोन दिवसांच्या जुलाबाने होतं. जुलाबात अन्न आतड्यातून भरभर पुढे सरकतं, पाचक द्रव्यं वाटेत निकामी व्हायला वेळच मिळत नाही, ती तशीच तिखट बाहेर पडतात. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची शी कमी त्रासदायक असते, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत रॅश तुलनेने कमी दिसतो. वरचं खाणं सुरू झाल्यावर तो वाढतो आणि नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास सर्वांत जास्त आढळतो. याच वयात दात येत असतात, म्हणून रॅशचं आणि जुलाबाचं खापर दातांवर फुटतं. दातांचा त्यात काही हात नाही.

आपल्याकडे आणखी एक भर पडते ती हवेची. ठाणे काय किंवा नवी मुंबई काय, जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेलं दुपटं दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतं. त्याला कुबट वास येतो, तरी 'वाळलंय की' म्हणून ते बाळाला गुंडाळलं जातं. अशा दमट लंगोटावर वरून प्लास्टिकची चड्डी चढवली, की बाजारातल्या डायपरपेक्षा ते वाईट. इथे घरातल्या मोठ्यांशी माझा मतभेद आहे. डायपर वाईट आणि कापड चांगलं, असं सरसकट नसतं. आतमध्ये पाणी शोषणारं जेल असलेला डायपर कातडी बऱ्यापैकी कोरडी ठेवतो, फक्त तो वेळेवर बदलला पाहिजे. सुती लंगोट ओला झाल्या झाल्या बदलणार असाल तर तोही उत्तम. पावसाळ्यात लंगोट वाळल्यावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा. धुताना जंतुनाशक द्रावण आणि वासाचं कंडिशनर वगळून एक पाणी जास्त काढा; कापडात राहिलेला साबण आणि तो वास हेही कातडीला झोंबतात.

आता पहिल्या ट्यूबकडे येऊ. साधा रॅश ओळखायची खूण अशी, की तो डायपरला घासणाऱ्या फुगीर भागांवर असतो. म्हणजे कुल्ले, ओटीपोटाचा खालचा भाग, मांड्यांची आतली बाजू. घड्या स्वच्छ असतात, कारण घडीच्या आत डायपर पोचतच नाही. या रॅशला औषध लागत नाही. त्याला लागतो कोरडेपणा आणि मध्ये एक पडदा, म्हणजे शी-शू कातडीपर्यंत पोचणार नाही आणि खाली नवी कातडी धरेल.

झिंक ऑक्साइड ही पांढरी भुकटी असते, ती तेलकट आधारात कालवून ट्यूब बनते. ट्यूबच्या मागे टक्केवारी छापलेली असते, साधारण 10 ते 40 टक्क्यांपर्यंत. रोजच्या वापराला कमी टक्क्यांची पुरते. लाल होऊन सोलवटलं असेल तर 20 टक्क्यांच्या पुढची घ्यावी. टक्क्यांइतकंच ती कशात कालवली आहे यालाही महत्त्व आहे. क्रीममध्ये पाणी असतं, ती पसरायला सोपी पण लवकर निघून जाते. मलम तेलकट, ते जास्त टिकतं. पेस्ट सर्वांत घट्ट, हाताला चिकटते, धुवायला कटकट, आणि जुलाब चालू असताना तीच खऱ्या कामाची. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे, साध्या लालीला आणि रॅश होऊ नये म्हणून चांगली आहे. खोबरेल तेल कोरड्या, सौम्य लालीवर चालतं, पण त्याचा थर टिकत नाही. जुलाबात त्याच्या भरवशावर राहू नये.

ट्यूब बरोबर असूनही लावण्यात गडबड होते. बहुतेक आया वाटाण्याएवढी क्रीम घेतात आणि चेहऱ्याला लावल्यासारखी ती जिरेपर्यंत चोळतात. जिरली म्हणजे पडदा उरला कुठे? झिंकची क्रीम जिरवायची नसते. ती इतकी जाड लिंपायची की खालची लाल कातडी दिसेनाशी झाली पाहिजे. लावण्याआधी कातडी कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यायची, पुसायची नाही, आणि दोन-चार मिनिटं पंख्याखाली वाळू द्यायची. ओल्या कातडीवर क्रीम लावली की ओल आत कोंडली जाते.

दुसरी गडबड डायपर बदलताना होते. बाळाने शी केली की आधीची सगळी पांढरी क्रीम खरवडून काढायची आणि मग नवी लावायची, असा अनेकींचा नेम असतो. दिवसातून सहा वेळा असं घासलं तर नवी येणारी कातडी प्रत्येक वेळी निघून येते. फक्त वरची शी हलक्या हाताने काढा, खालचा पांढरा थर राहू द्या आणि त्याच्यावर भर घाला. दिवसातून एकदा आंघोळीच्या आधी कापसावर खोबरेल तेल घेऊन सगळं सैल करून काढलं की पुरे. क्रीम डायपरला चिकटत असेल तर तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. रॅश असताना साबण नको. वाइप्स घ्यायचेच तर बिनवासाचे, बिनअल्कोहोलचे घ्या, नाहीतर कापूस आणि कोमट पाणी आहेच.

डायपर मोठ्या बाळाचा तीन-चार तासांनी आणि तान्ह्याचा दोन-तीन तासांनी बदलावा. शी झाली तर लगेच, मग आत्ताच घातलेला असला तरी. रॅश चालू असेपर्यंत रात्रीही एकदा उठावं लागतं. आणि दिवसातून दोन-तीनदा बाळाला तासभर उघडं ठेवावं: खाली रबरी शीट, वर सुती दुपटं, आणि बाळ पालथं खेळतंय. घोडबंदर रोडला राहून कळव्याच्या आजोळी जायचं असेल तर ट्रॅफिकचा तासही हिशेबात धरा. वाटेत बदलायला एक डायपर हाताशी हवा, सामानाच्या तळाशी नको.

पावडर मात्र नको, कुठलीच. ती ओल धरून घडीत गोळे करते आणि उडालेली बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते. धुरीच्या शेगडीवर बाळाला धरणं, तुरटी, हळद, डाळीचं पीठ हेही सोलवटलेल्या कातडीला सोसत नाही. हेअर ड्रायरने तर भाजू शकतं.

एवढं सगळं नीट केलं की साधा रॅश दोन-तीन दिवसांत स्पष्ट फिका पडायला लागतो. नाही पडला, तर त्या वेळी बघायची जागा म्हणजे जांघेची घडी.

घणसोलीच्या एका दहा महिन्यांच्या बाळाचं उदाहरण देते, कारण त्यात नेहमी होतं ते सगळं ओळीने झालं. बाळाच्या कानाला इन्फेक्शन होतं, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवसापासून शी पातळ झाली, दिवसाला सहा-सात वेळा. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतूही मरतात, त्यामुळे हे बऱ्याच बाळांना होतं. आधी आजी दुकानात आल्या.

"ताई, चांगली पावडर द्या. नातवाचं ढुंगण नुसतं लालबुंद झालंय."

"आजी, पावडर नको. घडीत पण लाल आहे का, की फक्त वरवर?"

"वरवरच आहे. आत गोरंपान आहे."

म्हणजे साधा रॅश. मी झिंकची पेस्ट दिली आणि जुलाब सुरू झाल्याचं अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरांना फोनवर कळवायला सांगितलं. त्यांनी अँटिबायोटिक चालू ठेवलं आणि ओआरएस व झिंकचं सिरप वाढवलं. इथे एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगते: जुलाबात 14 दिवस पोटात द्यायचं झिंक आणि ट्यूबमधलं झिंक ऑक्साइड यांची कामं वेगळी आहेत. ट्यूब लावली म्हणून सिरप बंद करायचं नाही, आणि सिरप चालू आहे म्हणून रॅश जाईल असंही नाही.

तीन दिवसांनी बाळाची आई स्वतः आली. कुल्ले निवळले होते, पण तिने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला तो वेगळाच होता. जांघेच्या घडीत, थेट आतपर्यंत, गडद लाल चकाकणारा पट्टा होता. त्याची कड स्पष्ट, जरा उचललेली, तिला बारीक सालपट. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कडेच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके सुटे सुटे पसरले होते. घडीतली लाली आणि बाहेर सांडलेले ठिपके ही जोडी दिसली की ती कॅन्डिडा नावाची बुरशी असण्याचीच शक्यता जास्त. सावळ्या बाळांमध्ये लाली तितकी भडक दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसते. तिथे रंगापेक्षा कड आणि ठिपके बघावेत.

ही बुरशी आतड्यात तशीही थोडी असतेच. अँटिबायोटिकने तिचे प्रतिस्पर्धी जंतू मेले, जुलाबाने कातडी आधीच फाटली, आणि डायपरच्या आत ऊब आणि ओल तयारच होती. साधा रॅश तीन दिवसांहून जास्त रेंगाळला की त्यावर ही बुरशी बसते, असं पुष्कळदा होतं. झिंकचा जाड थर तिला मारत नाही. आईला वाटत होतं पेस्टच खराब निघाली; पेस्ट तिचं काम करत होती म्हणूनच कुल्ले निवळले होते.

मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आधी बाळाचं तोंड उघडून बघितलं. गालाच्या आत आणि जिभेवर पांढरे चट्टे होते, पुसून निघत नव्हते. दुधाचा थर पुसला की जातो, बुरशीचा जात नाही. खालच्या कातडीला क्लोट्रिमाझोल 1 टक्का क्रीम, दिवसातून दोनदा, पातळ थर, ठिपक्यांच्याही थोडं पलीकडपर्यंत. तोंडासाठी वेगळं औषध. आई अंगावर पाजत होती म्हणून तिच्या स्तनाग्रांनाही लावायला मलम, नाहीतर बुरशी आईकडून बाळाला आणि बाळाकडून आईला फिरत राहते. झिंक बंद करायचं नव्हतं, क्रम मात्र पाळायचा होता: आधी कोरड्या कातडीला क्लोट्रिमाझोल, ते बसायला काही मिनिटं द्यायची, मग वरून झिंक. उलटं केलं तर औषध पडद्याच्या वरच राहतं.

तीन दिवसांत नवे ठिपके येणं थांबलं, आठवड्यात कातडी जवळजवळ पूर्ववत झाली. कातडी साफ दिसल्यावरही आणखी काही दिवस औषध लावायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. लोक नेमके इथे थांबतात, आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा सुरू होतं.

या गोष्टीत एक उपकथानक आहे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री बाळाच्या बाबांनी दुसऱ्या एका दुकानातून ती तिसरी, सर्वगुणसंपन्न ट्यूब आणली होती. आईने लावली नाही, सोबत घेऊन आली. मागे बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलं होतं. ते अतिशय जोरदार स्टेरॉइड आहे, मोठ्या माणसाच्या जाड चट्ट्यांसाठी वापरतात तसलं.

स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून एका रात्रीत फरक दिसतो. पण ते कातडीची बुरशीशी लढायची ताकदही दाबतं. वरून लाली कमी, खाली बुरशी मोकळी. ट्यूब बंद केली की रॅश परत येतो, पहिल्यापेक्षा पसरून, आणि त्याचं रूप इतकं बदललेलं असतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. शिवाय बाळाची कातडी पातळ, त्यात घडीतली आणखी पातळ, आणि वरून डायपर म्हणजे बांधून ठेवलेली पट्टीच. औषध भराभर आत शोषलं जातं. बरेच दिवस वापरलं तर कातडी पातळ होऊन शिरा दिसतात, कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उठतात. फार वापर झाला तर रक्तात जाऊन शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडची निर्मिती मंदावते, चेहरा गोल फुगतो, वाढ खुंटते.

रॅशला स्टेरॉइड कधीच लागत नाही असं नाही. सूज फार असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात, आणि ते त्यांनी तपासून द्यायचं असतं. लेबल वाचायची सवय लावा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी बाळाला तपासून लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब डायपरखाली जाता कामा नये. क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल ही नावं ऐकायला तशीच वाटली तरी ती बुरशीची औषधं आहेत, स्टेरॉइड नव्हेत. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीवरच विकायची असतात. आमच्या धंद्यातले सगळेच ते पाळत नाहीत, हे मला खाली मान घालून मान्य आहे.

घडीतली बुरशी सोडून आणखी एक रॅश लक्षात ठेवावा, कारण त्याला कुठलीच क्रीम पुरत नाही. शीच्या जागेभोवती एक-दोन इंचांचं भडक लाल वर्तुळ, कड रेखीव, शी करताना बाळ कळवळतं, शीवर कधी रक्ताची रेघ. हे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे होतं आणि पोटातून अँटिबायोटिक द्यावं लागतं. घरात कुणाचा घसा धरलेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

याशिवाय ताप, पू, पाण्याचे फोड, मधासारखी पिवळी खपली, उघडी जखम, रक्त, किंवा बाळ अगदीच लहान, महिन्या-दीड महिन्याचं, असं काहीही असेल तर तीन दिवसही थांबू नये. रॅशबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे, जुलाब आणि केस गळणं असं दिसलं तर शरीरातच झिंकची कमतरता असू शकते. ती क्रीमने भरून निघत नाही. आणि जुलाबात सहा तास डायपर कोरडा राहिला तर रॅश बाजूला ठेवून आधी पाणी कमी झाल्याचा विचार करा, त्याच दिवशी दाखवा. खासगी फी परवडत नसेल तर महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, वाशीला आणि कळव्याला महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत.

दाखवायला नेताना दोन गोष्टी करा. त्या वेळी जाड झिंक लावून नेऊ नका, नाहीतर डॉक्टरांचा निम्मा वेळ ते पुसण्यात जातो आणि बाळ रडून रडून आणखी लाल होतं. जेलीचा पातळ हात पुरे. आणि आतापर्यंत जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, शेजारणीने दिलेली अर्धी वापरलेली ट्यूबसुद्धा.